दोनशे ते, की दोन शेते? मोडी कागदातले शब्द वेगळे करताना



मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गात फळ्यावर मी एवढंच लिहिलं: तीनशेरतूप. मुलांनी लगेच वाचलं, "तीनशे..." आणि अडली. पुढे उरलं "रतूप". रतूप म्हणजे काय? मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तीन शेर तूप!" शेर हे माप आता वापरात नाही, पण आजीच्या तोंडी ऐकलेलं होतं, म्हणून त्या मुलीला जमलं. मग मी दुसरं लिहिलं: नऊशेळ्या. इथेही "नऊशे" आधी डोळ्यात भरतं, पण उरलेलं "ळ्या" कुठेच बसत नाही. मराठीत ळ ने शब्द सुरूच होत नाही. म्हणजे नऊ शेळ्या.

हा खेळ मी उगाच घेतला नव्हता. त्याआधी आठवडाभर माझ्या टेबलावर एक मोडी कागद पडून होता आणि त्यात असाच एक "शे" होता. तो "शे" मागच्या शब्दाला जोडायचा की पुढच्या, यावर एका कुटुंबाचा बराच वाद अडकला होता. आजच्या लेखात तो कागद आपण ओळीने सोडवू. मोडीची मुळाक्षरं शिकवणारं साहित्य बरंच मिळतं. पण अक्षरं ओळखता आल्यानंतर शब्द कुठे तोडायचा, याबद्दल फार कमी लिहिलेलं सापडतं, आणि शिकणारा खरा तिथेच अडखळतो.

ज्यांनी मोडी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मराठी मुलखात कित्येक शतकं सरकारी आणि घरगुती व्यवहार मोडीत लिहिला जाई. पोथ्या, स्तोत्रं बाळबोधीत म्हणजे आपल्या देवनागरीत, आणि पत्रं, हिशेब, खतं मोडीत, अशी साधारण वाटणी होती. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जाई. आपण शब्द लिहून झाल्यावर त्याच्या डोक्यावर रेघ देतो; शब्द संपला की रेघ तुटते आणि वाचणाऱ्याला कळतं की इथे शब्द संपला. मोडीत रेघ आधीच अखंड असते. त्यामुळे शब्द संपल्याची ही खूण निघूनच जाते. बोरू उचलला जातो तो शाई संपली म्हणून किंवा एखादं अक्षर पुढच्याला जोडता येत नाही म्हणून. शब्द संपला म्हणून उचलतात असं नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. वेलांटी एकच, उकारही एकच. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत.

त्या काळच्या वाचणाऱ्याला याचा त्रास होत नसावा. खताची भाषा ठरलेली असे आणि वाचणारा ती रोज ऐकत असे. शब्दांमधली मोकळी जागा आपल्याकडे सर्वसाधारण लिहिण्यात रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छपाई आणि शाळेची पुस्तकं आल्यावर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांत किंवा सरदेसाईंनी संपादित केलेल्या 'पेशवे दफ्तरा'च्या ४५ खंडांत आपण जी पत्रं सुटी सुटी, स्वच्छ वाचतो, त्यातल्या मोकळ्या जागा मूळ कागदावर नसतात. त्या वाचणाऱ्याने आणि छापणाऱ्याने घातलेल्या असतात. ते मोठे जाणकार होते म्हणून आपण त्यांच्यावर विसंबतो. पण घरातल्या कागदाची नक्कल कुणीतरी शेजारपाजारच्या माणसाने करून दिलेली असते, तेव्हा त्यातली प्रत्येक मोकळी जागा हे त्या माणसाचं मत असतं, एवढं मनाशी धरलेलं बरं.

आता तो कागद. एका विद्यार्थिनीचे वडील तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. सोबत पूर्वी कुणीतरी टाइप करून दिलेली बाळबोध नक्कल होती. नकलेत मधलं वाक्य असं होतं: "त्याचे मोबदला पिंपळमळ्यापैकी आपले आत्मसंतोषे दोनशे ते दिले असेत." घरात याचा अर्थ लावला गेला होता की पणजोबांच्याही आधीच्या कुणा पूर्वजाने कर्ज घेतलं आणि दोनशे रुपये देऊन ते फेडलं, म्हणजे मळा कधी कुणाला दिलाच नव्हता. वडिलांचे चुलते मात्र म्हणत, "नाही, त्यातली दोन शेतं तेव्हाच गेली, आमच्या आज्याने सांगितलंय." वडील मला म्हणाले, "बाई, तुम्ही मोडीचा वर्ग केलाय ना, जरा बघा."

मी नक्कल उलटी ठेवली आणि मूळ कागदावरून अक्षराला अक्षर उतरवून घेतलं. खाली देते. माणसांची आणि ठिकाणांची नावं बदलली आहेत, ओळी मूळ कागदावर होत्या तिथेच तोडल्या आहेत. वाचायला सोपं जावं म्हणून वेलांट्या-उकार तेवढे आजच्या पद्धतीने दिलेत.

संभाजीपाटीलमौजेवडगावयासीरामजीबि
नसंताजीयाणेलेहूनदिल्हेऐसेजेआपणापा
सूनरुपये१२५घेतलेत्याचेमोबदलापिंप
ळमळ्यापैकीआपलेआत्मसंतोषेदोनशे
तेदिल्हीअसेतयासआम्हीहरकतनकरूहेलि
हिलेसहीछ७रजबसु॥खमससबैनमयावअलफ

याला मी अक्षरप्रत म्हणते. यात एकही मोकळी जागा घालायची नाही, एकही शब्द सुधारायचा नाही, "दिल्हे" दिसलं तर "दिले" करायचं नाही. ओळ जिथे संपते तिथेच संपवायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि हात सारखा मोकळी जागा सोडायला धावतो. पण ही प्रत झाल्याशिवाय शब्द तोडायला बसू नका. का, ते पुढे कळेलच.

दुसऱ्या प्रतीवर, म्हणजे फोडप्रतीवर, मी पेन्सिल घेऊन बसते. जिथे खात्री आहे तिथे उभी रेघ. जिथे तोडता येणारच नाही तिथे दोन अक्षरांखाली छोटी कमान. जिथे शंका आहे तिथे ठिपक्यांची रेघ. सुरुवात वरून खाली क्रमाने करायची नाही. ज्या जागा हमखास ओळखू येतात त्या आधी घ्यायच्या, मग मधला मजकूर आपोआप आखूड होत जातो.

हमखास जागा म्हणजे खताची ठरलेली वाक्यं. "लेहून दिल्हे ऐसे जे" हे अशा कागदांत पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे "असं लिहून दिलं की". ते दुसऱ्या ओळीत सापडलं. शेवटी "हे लिहिले सही" हेही ठरलेलं. तिसरी हमखास जागा तारखेची. "छ" हे अक्षर चांद्र महिन्यातली तारीख सांगतं: छ ७ रजब. "सु॥" हे सुहूर या शब्दाचं आखूड रूप आहे, दोन उभ्या दंडांवरून ते ओळखायचं. पुढे अरबी संख्याशब्दांत साल. इथे मुलांना फार मजा आली, कारण त्यांना "खमससबैनमयावअलफ" मध्ये मांजर सापडलं: मयाव! खरं तर ते "मया व अलफ" आहे. खमस म्हणजे पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, आणि मधला "व" म्हणजे आपला नेहमीचाच आणि. एकूण ११७५. सुहूर सनात ५९९ मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो सन मिळतो: १७७४. मृग लागला की हे वर्ष बदलतं, म्हणून कागद १७७४-७५ मधला. हे संख्याशब्द तक्त्यासारखे पाठ केले की शेवटची ओळ न अडखळता तुटते. एकंच सांभाळायचं: खमस पाच आणि खमसैन पन्नास. शब्द चुकीच्या जागी तोडला तर साल बदलून बसतं.

या "व"ची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. एकाक्षरी शब्द सगळ्यात जास्त फसवतात, आणि त्यातही व आणि न. पहिल्या ओळीत "वडगावयासी" आहे. घाईने वाचणारा त्यातला व सुटा करून "वडगा व यासी" असं वाचू शकतो. पण तसं केलं तर वडगा हे कुणाचं नाव समजायचं, आणि आधी आलेल्या "मौजे"चं काय करायचं? मौजे या शब्दानंतर गावाचं नाव यायलाच हवं. "मौजे वडगाव" धरलं की उरलेलं "यासी" म्हणजे "यांना", आणि वाक्य सरळ होतं. गाव, राव, भाव, पाव, नाव असे शेवटी व असलेले शब्द मराठीत भरपूर आहेत आणि खतांमध्ये गावं-नावंच जास्त. म्हणून व दिसला की आधी मागचा शब्द त्याच्याशिवाय पूर्ण होतो का ते पाहायचं. "मया"ला पूर्ण व्हायला व लागत नाही, "वडगा"ला लागतो.

न चा तर वेगळाच धाक आहे, कारण तो नकार आहे. दुसरी ओळ "नसंताजी" अशी सुरू होते. ओळीच्या सुरुवातीला न, म्हणजे नकार, असं डोळा म्हणतो. पण वरच्या ओळीच्या शेवटी एकटं "बि" लोंबकळत आहे. दोन्ही जोडा: बिन. रामजी बिन संताजी, म्हणजे संताजीचा मुलगा रामजी. ही एकाच माणसाची ओळख आहे, दोन माणसं नव्हेत. पाचव्या ओळीतला न मात्र खरा नकार आहे: "हरकत न करू". तो मागच्या शब्दाला चिकटवला तर "हरकतन" असा शब्द होतो, जो नाहीच. नकाराच्या न च्या मागे आणि पुढे दोन्हीकडे रेघ पडायला हवी, आणि पुढे क्रियापद हवं. "न" नंतर "संताजी" आला तेव्हाच संशय यायला हवा होता. नकार माणसाच्या नावाला लागत नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की या कागदातली खरी चकवणारी जागा ओळीच्या टोकाला आहे. आपण लहानपणापासून छापील पुस्तक वाचतो. ओळ संपली की शब्द संपतो, नाहीतर छोटी आडवी रेघ देऊन तो पुढे नेतात, ही सवय हाडात मुरलेली. जुन्या कागदात तसं काही नाही. कागद संपला की लिहिणारा खाली येतो, मग शब्दाचा अर्धा भाग वर राहिला तरी चालतो. आपल्या सहा ओळींच्या मध्ये पाच टोकं आहेत. त्यातलं पहिलं बि-न. दुसऱ्या ओळीच्या शेवटी "आपणापा", पुढे "सून": आपणापासून. तिसऱ्या ओळीच्या शेवटी "पिंप", पुढची ओळ ळ ने सुरू. ळ ने शब्द सुरू होत नाही म्हणजे वरचा शब्द चालूच आहे: पिंपळमळ्यापैकी. पाचव्याच्या शेवटी "हेलि", पुढे "हिले". म्हणजे पाचपैकी चार टोकांवर शब्द मोडलेला आहे, हे आपल्याला पुराव्याने कळलं. राहिलं चौथं टोक.

"दोनशे" आणि खालच्या ओळीत "ते".

नक्कल करणाऱ्याने इथे ओळीच्या टोकावर विश्वास ठेवला. त्याचाही दोष म्हणता येणार नाही. बाकीच्या चार ठिकाणी वर उरलेला तुकडा अर्धवट दिसतो, "बि" किंवा "पिंप" असा. इथे मात्र वर उरलेलं "दोनशे" पूर्ण शब्द आहे आणि खाली आलेलं "ते"ही पूर्ण शब्द आहे. दोन्हीकडे अर्थ आहे म्हणून कुणी थांबत नाही. वर्गातलं "तीनशेरतूप" यापेक्षा सोपं होतं, कारण तिथे चुकीच्या बाजूला "रतूप" उरून चूक स्वतःच ओरडत होती. इथे चूक गप्प बसते. दोनशे ते, किंवा दोन शेते; अक्षरं तीच.

मग ठरवायचं कसं? आपण मुलांना पाचवी-सहावीत लिंग-वचन शिकवतो आणि मुलं विचारतात, "बाई, हे कशाला?" याला. वाक्याचं क्रियापद बघा. "ते" म्हणजे रुपये असतील तर रुपये पुल्लिंगी अनेकवचनी: रुपये दिले, जुन्या रूपात रुपये दिल्हे. शेत नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन शेते: शेते दिली, जुन्या रूपात दिल्ही. आणि अक्षरप्रतीत काय आहे? "दिल्ही". "दोनशे ते दिल्ही" असं मराठीत म्हणता येत नाही. ते दिल्हे, किंवा ती दिल्ही. "दोन शेते दिल्ही असेत" हे मात्र सरळ बसतं.

आता नक्कल पुन्हा वर करून पाहा. तिथे लिहिलंय "दोनशे ते दिले असेत". म्हणजे नक्कल करणाऱ्याने आधी "दोनशे ते" असा शब्द तोडला, मग पुढचं "दिल्ही" त्याला खटकलं असणार, आणि त्याने ते जुनं रूप आधुनिक करता करता "दिले" करून टाकलं. मुद्दाम नव्हे, वाचताना आपण सगळेच वाक्य जुळवून घेतो. पण त्यामुळे चूक दाखवणारा एकमेव साक्षीदारच निघून गेला. त्या नकलेवरून कितीही हुशार माणसाला सांगितलं असतं तरी त्याने दोनशे रुपयेच वाचले असते. म्हणून अक्षरप्रत आधी, आणि सुधारणा न करता.

तरीही मला स्वस्थ बसवेना. कारण सगळा निकाल आता एका वेलांटीवर आला होता. "दिल्ही" मधली वेलांटी खरंच वेलांटी आहे, की मात्राच जरा जास्त वळली? जुना कागद, घडी पडलेली, शाई पसरलेली. अशा वेळी मोडीच्या तक्त्यातली वेलांटी बघून उपयोग नाही, कारण प्रत्येक लिहिणाऱ्याचं वळण वेगळं. त्याच माणसाने त्याच कागदात तेच अक्षर दुसरीकडे कसं लिहिलंय ते शोधायचं. सुदैवाने दुसऱ्या ओळीत "लेहून दिल्हे" आहे. तिथे मात्राच हवी, कारण ते ठरलेलं वाक्य आहे. मोबाइलवर दोन्ही जागांचे जवळून फोटो काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्या ओळीत ल्ह वरचा फटकारा आखूड आणि डावीकडे झुकलेला. पाचव्या ओळीत तो वर जाऊन उजवीकडून खाली उतरतो. मग "पाटील" आणि "आम्ही" यांतल्या वेलांट्या पाहिल्या; त्या पाचव्या ओळीसारख्याच. तेव्हा कुठे मी ठिपक्यांची रेघ पुसून उभी रेघ मारली: दोन | शेते | दिल्ही | असेत.

याला दुजोरा देणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही. एक "पैकी". मळ्यापैकी दोन शेतं देता येतात. मळ्यापैकी दोनशे रुपये असं म्हणणं अवघड आहे. हा बऱ्यापैकी भक्कम आधार. दुसरी गोष्ट अशी की घेतलेली रक्कम याच कागदात आकड्यात लिहिली आहे, १२५, आणि तिच्या आधी "रुपये" हा शब्द आहे. मग फेडलेली रक्कम अक्षरात आणि "रुपये"शिवाय का असेल? हा आधार मला कमी वाटतो, कारण लिहिणारे एका कागदात दोन्ही करत. चुलत्यांच्या एका मुलाने तर विचारलं, "१२५ घेतले आणि दोनशे दिले असं होणारच नाही ना?" होऊ शकतं की. व्याज धरलं तर १२५ चे दोनशे सहज होतील. म्हणून रकमेचा हिशेब मी पुराव्यात धरला नाही. वेलांटी आणि पैकी, एवढ्यावरच थांबले.

संपूर्ण फोडप्रत अशी झाली:

संभाजी पाटील मौजे वडगाव यासी रामजी बिन संताजी याणे लेहून दिल्हे ऐसे जे आपणापासून रुपये १२५ घेतले त्याचे मोबदला पिंपळमळ्यापैकी आपले आत्मसंतोषे दोन शेते दिल्ही असेत यास आम्ही हरकत न करू हे लिहिले सही छ ७ रजब सु॥ खमस सबैन मया व अलफ

"पिंपळमळ्यापैकी" आणि "आपणापासून" मी जोडून ठेवले, कारण शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहायचं हा आपला आजचा नियम. त्या काळी हा प्रश्नच नव्हता. तुम्ही "पासून" सुटा लिहिला तर अर्थ बिघडत नाही, पण एका प्रतीत एकच पद्धत ठेवा. विरामचिन्हं मी घातलेली नाहीत. तो आणखी पुढचा टप्पा, आणि त्यातही मत असतंच.

हे सगळं मोडीपुरतंच आहे असं समजू नका. बाळबोध पोथ्याही जुन्या हातच्या असतील तर सलग लिहिलेल्या असतात. तिथे ओवी असेल तर काम हलकं होतं: चरणाच्या शेवटी यमक येतं, तिथे शब्द संपलाच पाहिजे, आणि बरेचदा दंडही दिलेला असतो. खतात यमक नाही, पण ठरलेली वाक्यं आहेत. सगळ्यात अवघड म्हणजे घरगुती पत्राचा मधला भाग, जिथे माणूस मनाचं लिहितो. तिथे ठिपक्यांच्या रेघा जास्त राहतात, आणि त्या राहू द्याव्यात. शंका असलेली जागा तशीच दाखवलेली प्रत ही गुळगुळीत प्रतीपेक्षा पुढच्या वाचणाऱ्याच्या जास्त कामाची.

वर्गासाठी एवढं करता येईल. मुलांच्याच पुस्तकातला नसलेला, तुम्ही स्वतः रचलेला चार ओळींचा मजकूर सलग लिहा, ओळी शब्दाच्या मध्ये तोडा, आणि निदान एक जागा अशी ठेवा की दोन्हीकडे अर्थ लागेल पण क्रियापद एकाच बाजूला उभं राहील. "चारशेतेविकली" चालेल. मुलांना उत्तर विचारू नका, "कशावरून?" एवढंच विचारा. माझ्या वर्गात एकाने सांगितलं, "बाई, विकले असतं तर चारशे."

त्या वडिलांना मी दोन्ही प्रती दिल्या, अक्षरप्रत आणि फोडप्रत, आणि वेलांटीचे दोन फोटो. हेही सांगितलं की शेतं दिली एवढंच यावरून कळतं. ती कायमची दिली की कर्ज फिटेपर्यंत, ते या सहा ओळींत लिहिलेलं नाही. कचेरीत किंवा कोर्टात दाखवायचं असेल तर माझी प्रत चालणार नाही, तिथे अधिकृत लिप्यंतर करून घ्यावं लागेल. त्यांनी कागद परत पिशवीत घातला. जाताना दारात थांबून म्हणाले, "म्हणजे काका बरोबर होते." मग थोड्या वेळाने, "आता हे त्यांना सांगायचं कुणी?"